कॉफी प्या, आयुष्य वाढवा? मथळ्यामागचा अभ्यास कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफीने आयुष्य वाढतं, कॉफीत भरपूर अँटिऑक्सिडंट असतात, सकाळची कॉफी हृदयाला चांगली असते, अशा बातम्या दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि मग वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतात. त्यांच्यामागे बहुतेकदा खरा, छापून आलेला अभ्यास असतो. तो खोटा नसतो, पण मथळ्यात जे लिहिलेलं असतं ते त्यात क्वचितच सापडतं. इथे दहा अभ्यासांची जंत्री न देता मुख्यतः एकच अभ्यास उलगडून दाखवला आहे. तो एकदा नीट समजला की बाकीच्यांकडे काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

फिरवून सांगू नका. कॉफीने आयुष्य वाढतं की नाही?

आज सांगता येतं ते इतकंच. अमेरिका आणि युरोपातल्या मोठमोठ्या पाहण्यांमध्ये रोज दोन ते चार कप कॉफी पिणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा थोडं कमी दिसतं. हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मात्र ते कॉफीमुळेच कमी आहे, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. बहुतेक निरोगी प्रौढांना एवढ्या कॉफीने अपाय होत नाही, हे मात्र बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं. ‘अपाय दिसत नाही’ आणि ‘आयुष्य वाढतं’ या दोन वाक्यांमधलं अंतर मथळा एका उडीत पार करतो.

तुम्ही कोणता अभ्यास उदाहरणाला घेतला आहे, आणि तोच का?

मे २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आलेला. नील फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत होते. एएआरपी ही पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची मोठी संघटना आहे. १९९५-९६ मध्ये तिच्या ५० ते ७१ वयाच्या सभासदांना टपालाने एक लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. काय खाता, काय पिता, सिगारेट ओढता का, व्यायाम किती करता, असे प्रश्न त्यात होते. कॉफीचा प्रश्न त्यातलाच एक. ज्यांना आधीच कर्करोग, हृदयविकार किंवा पक्षाघात होता त्यांना वगळलं. उरले २,२९,११९ पुरुष आणि १,७३,१४१ स्त्रिया. मग २००८ पर्यंत कोण दगावलं याची नोंद ठेवली. ३३,७३१ पुरुष आणि १८,७८४ स्त्रिया त्या काळात वारल्या.

हा अभ्यास निवडायचं कारण म्हणजे तो चांगला आहे. भुसभुशीत अभ्यासाची खिल्ली उडवणं सोपं असतं. इथे माणसं चार लाखांवर, पाठपुरावा बारा-तेरा वर्षांचा, नियतकालिक नावाजलेलं आणि लेखक सावध. आपल्या आकड्यांवरून हे कार्यकारण आहे की नुसता संबंध, हे ठरवता येणार नाही, असं त्यांनी स्वतःच सारांशात लिहून ठेवलं आहे. तरीही जगभर मथळे काय आले असतील ते सांगायला नको.

त्यात नेमकं काय आढळलं?

सगळ्यात आधी जे आढळलं ते बातम्यांत फारसं आलंच नाही. फक्त वयाचा फरक लक्षात घेऊन मोजणी केली, तेव्हा कॉफी पिणारे *जास्त* मेलेले निघाले.

त्यानंतर सिगारेट आणि इतर गोष्टींचा हिशोब धरला आणि चित्र उलटलं. रोज दोन-तीन कप पिणाऱ्या पुरुषांचा धोका न पिणाऱ्यांच्या ०.९० पट, चार-पाच कपवाल्यांचा ०.८८ पट, सहा किंवा जास्त कपवाल्यांचा पुन्हा ०.९०. स्त्रियांमध्ये हेच आकडे ०.८७, ०.८४ आणि ०.८५. मथळ्यांतले ‘दहा टक्के’, ‘पंधरा टक्के’ आले ते इथून.

म्हणजे माणसं तीच, मृत्यू तेच, कॉफी तीच. बदलला तो फक्त हिशोब. एका हिशोबात कॉफी घातक आणि दुसऱ्यात हितकारक. अशा अभ्यासाची बातमी वाचताना पहिला प्रश्न म्हणूनच ‘किती टक्के’ हा नसतो. ‘कशाकशाचा हिशोब धरून’ हा असतो.

आकडे असे उलटे कसे काय होतात? हातचलाखी तर नाही?

नाही, हे अगदी रास्त गणित आहे. एक काल्पनिक उदाहरण कागदावर करून बघा.

समजा १००० जण कॉफी पितात आणि १००० जण पीत नाहीत. कॉफीवाल्यांत ४०० जण सिगारेट ओढतात, न पिणाऱ्यांत फक्त १००. आता समजा, सिगारेट ओढणाऱ्यांपैकी कॉफी न पिणारे शेकडा ३० दगावतात आणि कॉफी पिणारे शेकडा २७. सिगारेट न ओढणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा १० आणि शेकडा ९. दोन्ही गटांत कॉफीवाले थोडे बरे आहेत.

आता बेरीज करा. कॉफीवाल्यांत ४०० चे २७ टक्के म्हणजे १०८, आणि ६०० चे ९ टक्के म्हणजे ५४. एकूण १६२ मृत्यू. न पिणाऱ्यांत १०० चे ३० टक्के म्हणजे ३०, आणि ९०० चे १० टक्के म्हणजे ९०. एकूण १२०. सरसकट पाहिलं तर कॉफीवाले कितीतरी जास्त मेले, कारण त्यांच्यात सिगारेट ओढणारे चौपट होते. सिगारेटवाल्यांची तुलना सिगारेटवाल्यांशीच केली की खरं चित्र दिसतं.

अमेरिकेतल्या त्या पिढीत कॉफी आणि सिगारेट हातात हात घालून चालत. शिवाय त्या पाहणीतले कॉफी पिणारे दारू जास्त घेत, तांबडं मांस जास्त खात, फळं-भाज्या कमी खात, दमवणारा व्यायाम कमी करत आणि शिक्षणातही सरासरीने मागे होते. या सगळ्याचा हिशोब संशोधकांनी धरला. दोन घटक एकमेकांत असे गुंतले की कुणाचा परिणाम कुणाच्या नावावर चढला ते कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ अशा मध्ये घुसणाऱ्या घटकाला गोंधळकारक घटक म्हणतात.

मग हिशोब धरून झाला ना? उरलेले दहा टक्के कॉफीचेच म्हणायचे.

सगळ्यांची गाडी इथेच घसरते. हिशोब धरता येतो तो फक्त *विचारलेल्या* गोष्टीचा, आणि तोसुद्धा जितक्या बारकाईने विचारली तितकाच. सिगारेटची माहिती त्यांनी तपशिलात घेतली होती. पण लोक स्वतःच्या सिगारेटी आणि पेग कमीच सांगतात. खर्‍या आयुष्यातल्या गोष्टी चौकटीत बसत नाहीत: दगदगीचं काम, घरात भांडण, जवळ चांगला दवाखाना असणं-नसणं, निवृत्तीनंतर रोज चार मित्रांबरोबर बसायला मिळणं. प्रश्नावलीत त्या आल्याच नाहीत तर हिशोबातून सुटल्या. हा उरलेला गाळ दहा टक्क्यांचा फरक सहज दाखवू शकतो.

दुसरी बाजूही न्यायाने मांडायला हवी. या पाहणीत कॉफी पिणारे बहुतेक बाबतींत जास्त बेशिस्त होते. उरलेला गाळ त्यांच्या विरोधातच गेला असणार, म्हणजे कॉफीचा खरा फायदा दिसतो त्याहून जास्तही असू शकेल, असं कुणी म्हणालं तर ते मूर्खपणाचं नाही. कधीच सिगारेट न ओढलेल्यांतही घट दिसली होती, हा त्या बाजूचा चांगला मुद्दा आहे. माझा कल तरीही संशयाकडे आहे, आणि त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

कॉफी ‘न पिणारे’ म्हणजे नेमके कोण?

कॉफीच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात हा प्रश्न विचारा. अमेरिकेसारख्या देशात, जिथे घरोघरी सकाळी कॉफी असते, तिथे साठीचा माणूस कॉफी पीत नाही, याला काहीतरी कारण असतं. कुणाला चव आवडत नाही, कुणाच्या धर्मात चालत नाही. पण काहींनी ती सोडलेली असते. पित्त होतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. तब्येत आधी बिघडली आणि मग कॉफी सुटली. अशी माणसं ‘न पिणारे’ या रकान्यात बसली की त्यांच्यातले मृत्यू वाढतात, आणि शेजारच्या रकान्यातली कॉफी फुकटात गुणकारी ठरते.

त्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, मधुमेह कमी आढळला. कॉफीने मधुमेह टळला म्हणून, की मधुमेह झालेल्यांनी गोड कॉफी सोडली म्हणून? एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात.

यावर उपाय आहेत, आणि चांगला अभ्यास ते करतो. आधीपासून आजारी असलेल्यांना वगळायचं, जे इथे केलं होतं. पहिल्या काही वर्षांतले मृत्यू सोडून पुन्हा मोजायचं. ‘कधीच न पिणारे’ आणि ‘सोडलेले’ वेगळे ठेवायचे. बातमीत हे नसतं, मूळ लेखात असतं.

आणखी एक त्रुटी. कॉफी किती पिता हे १९९५-९६ मध्ये एकदाच विचारलं होतं. पुढच्या बारा वर्षांत कुणी सोडली, कुणी वाढवली, कळायला मार्ग नाही.

‘मृत्यूचा धोका १० टक्क्यांनी कमी’ म्हणजे माझ्या बाबतीत नेमकं काय?

मृत्यूचा धोका अखेरीस सगळ्यांचा शंभर टक्केच असतो, तेव्हा ‘कमी’ म्हणजे त्या पाठपुराव्याच्या काळात कमी. आणि हे टक्के एका गटाचे दुसऱ्याच्या तुलनेत आहेत.

त्या पाहणीतल्या पुरुषांपैकी साधारण शेकडा १५ जण बारा-तेरा वर्षांत वारले. ढोबळ हिशोबासाठी न पिणाऱ्यांत शेकडा १५ धरू. त्यावर दहा टक्के घट म्हणजे शेकडा साडेतेरा. दोनशे पुरुषांमागे बारा-तेरा वर्षांत तीन मृत्यू कमी. हे नगण्य नाही, पण ‘दहा टक्के’ वाचून मनात जे येतं तेही नाही.

दुसरी पट्टीही वापरता येते. प्रौढ वयात दरवर्षी माणसाचा मृत्यूचा धोका साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढत जातो. म्हणजे धोका दहा टक्के कमी असणं हे जवळजवळ एका वर्षाने लहान असण्यासारखं आहे. सगळा फायदा खरोखर कॉफीचाच मानला तरी! ‘कॉफीने आयुष्य वाढतं’ या मथळ्याचं हे सगळ्यात उदार भाषांतर झालं.

मूळ लेखात ०.९० सारख्या आकड्याशेजारी दोन आकडे दिलेले असतात. एक कपापेक्षा कमी पिणाऱ्या पुरुषांसाठी ०.९९ आणि शेजारी ०.९५ ते १.०४ असं होतं. ही शक्यतेची पट्टी. तिच्यात १ येत असेल तर फरक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. दोन-तीन कपवाल्यांची पट्टी ०.८६ ते ०.९३ होती, १ च्या पूर्ण खाली. पण ही पट्टी फक्त योगायोगाची शक्यता मोजते. सिगारेटचा उरलेला गाळ किंवा आजारपणामुळे कॉफी सोडणारे तिला दिसत नाहीत. चार लाख माणसं घेतली की पट्टी अरुंद होते, पण चूक असेल तर तीही तितकीच ठामपणे मांडली जाते.

कॅफीन काढलेल्या कॉफीनेही तोच फायदा दिसला म्हणे. मग?

हो, फ्रीडमन यांच्या अभ्यासातही तसंच दिसलं, आणि नंतर ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या आरोग्यनोंदींच्या मोठ्या साठ्यातल्या, सुमारे पाच लाख लोकांवरच्या २०१८ च्या अभ्यासातही. तिथे इन्स्टंट कॉफी, दळलेली कॉफी, बिनकॅफिनची कॉफी, सगळ्यांची घट साधारण सारखी होती. कॅफीन शरीरात लवकर मोडणाऱ्या आणि उशिरा मोडणाऱ्या जनुकांच्या लोकांतही फरक पडला नाही.

याचे दोन अर्थ लागतात. एक, गुण कॅफिनचा नसून कॉफीतल्या दुसऱ्या कशाचा तरी आहे. दोन, गुण कॉफीचा नसून कॉफी पिणाऱ्या *माणसांचा* आहे. बातमी नेहमी पहिला अर्थ निवडते.

२०१२ च्या निष्कर्षांतली एक ओळ मला फार बोलकी वाटते. कॉफी पिणाऱ्यांत कशाकशाने येणारे मृत्यू कमी होते? हृदयविकार, श्वसनाचे आजार, पक्षाघात, मधुमेह, जंतुसंसर्ग… आणि अपघात-दुखापती. कर्करोगाचे मात्र नाहीत. कॉफीने तरतरी येते, म्हणून गाडी चालवताना डुलकी लागत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण एखादं पेय हृदयापासून अपघातापर्यंत सगळ्याला थोडंथोडं उपयोगी पडताना दिसतं, तेव्हा ते पेय पिणारी माणसंच काही बाबतींत वेगळी आहेत का, अशी शंका आधी यायला हवी. ‘कोणत्या कारणाने मृत्यू’ याचा तक्ता म्हणूनच आवर्जून पाहावा.

अँटिऑक्सिडंटचं काय? कॉफी हा त्यांचा सगळ्यात मोठा स्रोत आहे ना?

हा दावा २००५ सालचा. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जो व्हिन्सन यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात तो मांडला. शंभरहून अधिक खाद्यपदार्थ आणि पेयांतली अँटिऑक्सिडंट मोजून, अमेरिकन माणूस कोणता पदार्थ किती घेतो याच्याशी त्यांनी त्याचा गुणाकार केला. कॉफी पहिली आली.

गुणाकार आहे हे विसरायचं नाही. एका वाढणीमागे मोजलं तर त्यांच्याच यादीत खजूर सगळ्यांच्या वर होता. पण अमेरिकन लोक रोज खजूर खात नाहीत आणि कॉफी मात्र कपामागून कप पितात, म्हणून कॉफी अव्वल. ही बातमी कॉफीच्या गुणापेक्षा अमेरिकन ताटातल्या फळं-भाज्यांच्या दुष्काळाविषयी जास्त सांगते. पदार्थात अँटिऑक्सिडंट आहेत म्हणजे ते शरीरात तितके पोहोचतातच असं नाही, हे व्हिन्सन यांनी तेव्हाच बजावलं होतं. तेवढा भाग फॉरवर्ड झाला नाही.

पण प्रयोगशाळेत मोजलेले असतात की. त्यात खोटं काय?

खोटं काही नाही. परीक्षानळीत कॉफीचा अर्क एखाद्या रसायनाचं ऑक्सिडीकरण किती रोखतो ते मोजलेलं असतं. पोटात गेल्यावर गोष्ट बदलते. कॉफीतलं मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल. त्याचा काही भागच लहान आतड्यात शोषला जातो. उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू मोडतात आणि यकृतही त्याची रूपं बदलतं. रक्तात फिरतात ते मूळ रेणू नव्हेत, तर त्यांचे अवशेष, आणि तेही थोड्या प्रमाणात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. त्या आकड्यांना ओरॅक म्हणत. पूरक गोळ्या आणि ‘सुपरफूड’ विकणारे ते आकडे सर्रास छापू लागले. शेवटी २०१२ मध्ये खात्याने यादीच काढून टाकली. परीक्षानळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या शरीरावरच्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि त्यांचा गैरवापर होतो, हे त्यांनी दिलेलं कारण. एखाद्या पाकिटावर आजही ओरॅक आकडा दिसला तर विकणारा किती मागे आहे ते समजावं.

‘अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच’ हे गृहीतक प्रत्यक्ष माणसांवर तपासलं गेलं तेव्हा काय झालं, तेही ऐका. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटलं. काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. बीटा कॅरोटीन गाजरात असतं, आणि त्याआधीच्या पाहण्यांमध्ये ते जास्त असलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसला होता. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी *जास्त*. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कॉफीचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पाहणीत दिसलेला संबंध प्रयोगात उलटा पडू शकतो, आणि नळीतला गुण शरीरात तसाच उतरेल याची हमी नाही, एवढंच.

मग कॉफीवर असा प्रयोग करून एकदाचं ठरवत का नाहीत?

हजारो लोकांना वीस वर्षं कॉफी प्यायला किंवा न प्यायला लावणार कोण? लोक ऐकणार नाहीत, आणि कप भरलेला आहे की नाही हे लपवताही येत नाही. त्यामुळे प्रयोग होतात ते छोटे, आणि त्यांत आयुष्यमान मोजता येत नाही.

असा एक सुरेख प्रयोग २०२३ मध्ये त्याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या १०० निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज मोबाईलवर संदेश येई: आज कॉफी घ्या, किंवा आज घेऊ नका. छातीवर ईसीजीचं यंत्र, मनगटावर पावलं आणि झोप मोजणारं घड्याळ. कॉफीच्या दिवशी ते सुमारे हजार पावलं जास्त चालले आणि ३६ मिनिटं कमी झोपले. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके विशेष वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले मात्र वाढले. कॉफीमुळेच हे झालं असं इथे म्हणता येतं, कारण कोणत्या दिवशी प्यायची हे माणसाने ठरवलं नव्हतं. पण याला ‘कॉफी चांगली’ म्हणायचं की ‘वाईट’? मथळा लिहिणाऱ्याची पंचाईतच झाली असेल.

मधला मार्ग म्हणजे जनुकांचा. काही जनुकांमुळे काही माणसं जन्मतःच थोडी जास्त कॉफी पिणारी असतात, आणि जनुकं सिगारेट किंवा शिक्षण पाहून वाटली जात नाहीत. कोपनहेगनमध्ये सुमारे ९५ हजार लोकांवर असं पाहिलं गेलं. कॉफी किती पिता असं विचारलं की मध्यम पिणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. जनुकांप्रमाणे गट केले की तो फरक दिसेना. हाही अखेरचा निवाडा नाही. ही जनुकं कॅफीन मोडण्याचा वेग बदलतात, त्यामुळे कमी पिणाऱ्याच्या रक्तातही कॅफीन बराच वेळ राहू शकतं. तरी मोठ्या फायद्याची आशा यामुळे कमी होते.

त्यांचा कप आणि आपला कप एकच का?

नाही. अमेरिकन पाहणीतला कप साधारण २४० मिलीलिटरचा धरतात आणि त्यात बहुधा कागदी फिल्टरमधून उतरलेली पातळ कॉफी असते. आपल्याकडची घरची कॉफी म्हणजे बऱ्याचदा कपभर दुधात चमचाभर इन्स्टंट पूड आणि दोन चमचे साखर. ‘चार कप’ तसेच्या तसे उचलले तर दूध-साखर चौपट होईल.

२०२२ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेवरूनच ‘साखर घातलेली कॉफीही चालते’ अशी बातमी आली होती. त्या लोकांची साखर कपामागे सरासरी एक चमचा होती. लग्नाच्या पंगतीनंतरच्या कॉफीला तो निष्कर्ष लावू नये.

गाळण्याचाही फरक पडतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि हे प्रयोगांतून पक्कं झालेलं आहे. कागदी फिल्टर ते बहुतेक अडवतो. धातूची जाळी तितकं अडवत नाही. कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल आणि उकळलेली किंवा न गाळलेली कॉफी रोज बरीच होत असेल, तर आयुष्यमानाच्या मथळ्यापेक्षा ही माहिती जास्त कामाची.

बातमीवरून मूळ अभ्यासापर्यंत कसं पोहोचायचं, आणि तिथे काय बघायचं?

बातमीत नियतकालिकाचं नाव आणि पहिल्या संशोधकाचं आडनाव शोधा. दोन्ही नसतील तर बातमी तिथेच सोडून द्यायला हरकत नाही. असतील तर पबमेड या मोफत शोधस्थळावर ते टाका. आपल्या उदाहरणासाठी एवढं पुरतं:

```
Freedman coffee mortality 2012
```

सारांश सगळ्यांना खुला असतो. त्यात आधी बघा, माणसांनी कॉफी स्वतःहून घेतली की संशोधकांनी वाटून दिली. ‘cohort’ किंवा ‘association’ दिसलं तर पाहणी, ‘randomized’ दिसलं तर प्रयोग. उंदीर किंवा पेशी असतील तर आपल्याशी सध्या संबंध नाही. नुसतं अधिवेशनातलं सादरीकरण असेल, तर तपासणी अजून व्हायची आहे.

पूर्ण लेख उघडला तर थेट ‘Table 1’ वर जा. तिथे कॉफीच्या कपांप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटात सिगारेट, दारू, शिक्षण, व्यायाम, वजन किती ते दिलेलं असतं. गट एकमेकांपासून जितके वेगळे, तितकं पुढचं सगळं गणिताच्या दुरुस्तीवर अवलंबून. मग फक्त वयाचा हिशोब धरलेला आकडा आणि सगळा हिशोब धरलेला आकडा शेजारी ठेवा. दोघांत फारसा फरक नसेल तर निष्कर्षावर थोडा जास्त भरवसा ठेवता येतो. २०१२ सारखी उलटापालट असेल तर नाही. शेवटी चर्चेच्या भागात मर्यादांचा परिच्छेद असतो. प्रामाणिक लेखक तिथे तुमच्या बऱ्याच शंका स्वतःच लिहून ठेवतात.

पैसे कुणी दिले तेही पाहावं, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. २०१२ चा अभ्यास सरकारी पैशाचा होता, तरी मर्यादा त्याच राहिल्या.

आणि बातमी ‘कॉफी घातक’ अशी असेल तर?

तीही याच पद्धतीने वाचायची. १९८१ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमॅहन यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३६९ रुग्णांची तुलना त्याच रुग्णालयांतल्या इतर रुग्णांशी केली. कर्करोग झालेल्यांनी कॉफी जास्त प्यायलेली निघाली, आणि जगभर घबराट उडाली. पण तुलनेसाठी घेतलेले रुग्ण बहुतांशी त्याच पोटविकारतज्ज्ञांचे होते. त्यांत अल्सर आणि पोटाच्या इतर तक्रारी असलेले बरेच, आणि अशा लोकांनी कॉफी आधीच कमी केलेली असते. कर्करोगवाले जास्त पीत होते असं नव्हे. शेजारचा गट नेहमीपेक्षा कमी पीत होता. त्याच गटाने १९८६ मध्ये पुन्हा अभ्यास केला तेव्हा तो संबंध तसा उरला नाही.